मावळत्या मंत्र्यांचे पत्र : उत्सव समितीच्या ताबेयादीचा इतिहास

संघाच्या दप्तरात अनेक प्रकारचे कागद साठलेले असतात. प्रतिष्ठा महोत्सवाच्या कुंकुमपत्रिका, चातुर्मासाच्या विनंतीपत्रांच्या नकला, सभावृत्तांतांच्या वह्या आणि लाल कापडात बांधलेले चोपडे हे त्यांपैकी नेहमीचे होत. यांच्याच जोडीला दरसाल एक साधा, बहुधा दोन-तीन पानांचा कागद दाखल होत असतो. पर्युषण पर्व संपते, संवत्सरीची क्षमापना होते, रथयात्रा व स्वामीवात्सल्य पार पडते आणि मग दिवाळीच्या आत मावळत्या उत्सव समितीचे मंत्री नव्या समितीच्या मंत्र्यांस एक पत्र लिहितात. आपल्या हाती असलेली भांडी, सजावटीचे साहित्य आणि रोख सिलक यांची यादी जोडून ते सर्व त्यांच्या स्वाधीन करतात. कोणी यास चार्जपत्र म्हणतात, कोणी ताबेपत्र. मराठेशाहीच्या दप्तरात अशा यादीस 'जाबता' हा शब्द होता.

कुंकुमपत्रिका जपून ठेवली जाते आणि हे पत्र मात्र पुष्कळदा उंदीर-वाळवीच्या स्वाधीन होते. वस्तुतः संघाच्या व्यवहाराचा खरा इतिहास पाहावयाचा असेल तर तो या पत्रात अधिक सापडतो. पत्रिकेत काय होणार होते हे छापलेले असते, ताबेपत्रात काय उरले हे लिहिलेले असते.

हे पत्र लागते याचे कारण उत्सव समितीच्या घडणीतच आहे. समिती दरवर्षी बदलते, मालमत्ता बदलत नाही. मालक विश्वस्त संस्था असते, समिती केवळ वर्षापुरती राखणदार असते. एका राखणदाराच्या हातून दुसऱ्याच्या हाती वस्तू जाते तो क्षण कागदावर आला नाही, तर पाच-सात वर्षांनी एखादा कलश कमी भरल्यास तो कोणाच्या कारकिर्दीत गेला हे सांगता येत नाही. मग संशय सर्वांवर सारखाच पसरतो आणि ज्याने प्रामाणिकपणे काम केले त्यालाही तो चुकत नाही. हे पत्र घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्याच संरक्षणाचे साधन अधिक आहे.

पूर्वी हा सारा व्यवहार पंचांच्या शब्दावर चाले. गावातील चार प्रतिष्ठित गृहस्थ बसत, भांडी मोजली जात, चोपड्यात एक ओळ घातली जाई आणि किल्ल्या दिल्या जात. कायद्याने यात लक्ष घातले ते मुंबई इलाख्यात १९३५ च्या सार्वजनिक विश्वस्त संस्था नोंदणी कायद्याने. त्यानंतर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. पुढे त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले, चौकट तीच राहिली. धर्मादाय आयुक्तांचे पद याच कायद्याने आले, आणि संस्थेची नोंदणी, नियमित हिशेब व वार्षिक तपासणी या गोष्टीही त्यात आहेत. जंगम मालमत्तेचे रजिस्टर ठेवण्याविषयीचे कलम ३६ ब हे १९७१ च्या दुरुस्तीने त्यात घातले गेले. त्यात सोने, चांदी व जडजवाहिर यांच्याबरोबर भांडीकुंडी यांचाही स्पष्ट उल्लेख आहे आणि त्यांचे वजन व अंदाजे किंमत लिहिण्यास सांगितले आहे. केवळ 'पातेली चार' असे लिहून कायद्याचे समाधान होत नाही. हिशेबतपासनिसास आपल्या अहवालात हे रजिस्टर नीट ठेवले आहे की नाही, तसेच तपासणीच्या दिवशी हातातील रोकड हिशेबाशी जुळली की नाही, हे सांगावे लागते. मावळत्या मंत्र्यांचे पत्र हा या रजिस्टराचा पाया होय. पाया कच्चा असला तर वरचे रजिस्टर केवळ नक्कल ठरते.

या कायद्याच्या इतिहासात जैन समाजाचे एक महत्त्वाचे पान आहे. कायदा लागू होताच एका जैन देरासराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी त्यातील काही कलमांना न्यायालयात आव्हान दिले. पारशी समाजाच्या विश्वस्तांचे अपीलही त्याच्यासोबत चालले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. संस्थांची नोंदणी, हिशेब व तपासणी यांचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. मात्र धर्मकार्यासाठी दिलेला पैसा सरकारने किंवा न्यायालयाने दुसऱ्या कामाकडे वळविण्याची तरतूद, ज्या मर्यादेपर्यंत ती धर्मसंस्थांना लागू होत होती, तेथे टिकली नाही. ज्या हेतूने दिले त्याच हेतूस लावावे हे तत्त्व त्यामुळे कायद्यातही स्थिर झाले. ताबेपत्रातील रोख सिलकेचा परिच्छेद समजून घेताना हा निर्णय लक्षात ठेवावा लागतो.

आता प्रत्यक्ष पत्राकडे वळू. श्वेतांबर मूर्तिपूजक संघाच्या एखाद्या मध्यम गावातील उत्सव समितीचे पत्र कसे असावे, याचा एक नमुना पुढे दिला आहे. तो कोणा एका संघाचा नव्हे. त्यातील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत.

'नवनियुक्त उत्सव समितीचे मंत्रीश्री यांस सप्रेम जय जिनेंद्र वि. वि. आमच्या समितीची मुदत संपली असल्याने आमच्या ताब्यातील साहित्य व रोकड आज रोजी उभयतांचे दोन-दोन सभासद व विश्वस्तांपैकी एक यांच्या समक्ष मोजून व वजन करून आपल्या स्वाधीन करीत आहोत.

स्वामीवात्सल्याची भांडी : तांब्याची मोठी पातेली ४, एकूण वजन ६२ किलो ४०० ग्रॅम, कल्हई यंदाच्या श्रावणात केलेली. पितळी पराती ६, वजन २१ किलो. स्टीलची ताटे ४८८, मागील यादीप्रमाणे ५०० होती, १२ कमी. पक्क्या पाण्याचे हंडे ३, झाकणांसह, वेगळ्या खुणेचे.

पूजेचे व मिरवणुकीचे साहित्य (देवद्रव्यातील) : चांदीचे त्रिगडे १, निव्वळ चांदी ७ किलो ४६५ ग्रॅम. चौदा सपने, लाकडावर चांदीचा पत्रा, लाकडासह वजन नगवार सोबत. पारणे १. जरीचे चंदरवे-पुठिये ५ जोड, त्यांपैकी खऱ्या जरीचे २.

रोकड : देवद्रव्य रु. १२,०००, साधारण रु. ५,२५०, जीवदया रु. ३१०, एकूण रु. १७,५६०. पाचशेच्या नोटा २८, शंभराच्या ३१, पन्नासाच्या ८, दहाच्या ६.

येणे : बोलीचे रु. ३४,०००, नावनिशीवार यादी सोबत. देणे : हलवायाचे रु. ९,८००.

आमच्या कारकिर्दीत मन, वचन, कायेने कोणास दुखविले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. कळावे.'

पत्र एवढेच. परंतु यातील प्रत्येक ओळीमागे काही कारण आहे.

भांड्यांच्या दोन याद्या वेगळ्या का केल्या, हे प्रथम पाहू. पूजेची थाळी आणि जेवणाची थाळी दोन्ही भांडीच. पण पहिली देवद्रव्यातील आहे आणि तिचा उपयोग श्रावकाने स्वतःच्या भोजनासाठी करावयाचा नाही. एकाच यादीत दोन्ही लिहिल्या गेल्या की तीन-चार वर्षांत कोठारात त्या एकत्र होतात आणि स्वामीवात्सल्याच्या गर्दीत पूजेची पितळी थाळी वाढपाला निघते. पक्क्या पाण्याच्या हंड्यांचेही तसेच आहे. तपस्व्यांसाठी उकळलेले पाणी ज्यात ठेवावयाचे त्या हंड्यात कच्चे पाणी भरले जाऊ नये, म्हणून त्यांच्यावर निराळी खूण असते आणि ती खूण यादीत सांगितलेली असते.

जुन्या काळी दात्याने भांडे अर्पण केले की कासाराकडून त्यावर नाव, गाव व मिती घालून घेत. ठिपक्याठिपक्यांची ती अक्षरे म्हणजे त्या भांड्याची ओळख असे. हीच अक्षरे आज अनेक संघांच्या इतिहासाचे साधन होऊ शकतात. कारण चोपडे गेले तरी परातीच्या काठावरील संवत राहिला आहे. ताबेयादीत ही अक्षरे जशीच्या तशी उतरवून घेतली तर भांडे बदलले गेल्याचे सहज कळते. भाड्याने किंवा मंगलकार्यास दिलेले जाड पातेले जाऊन त्याच मापाचे पातळ पातेले परत येणे ही गोष्ट अशक्य नाही. नग तितकेच भरतात, वजन मात्र भरत नाही. म्हणून तांब्या-पितळेच्या बाबतीत नगापेक्षा वजन हीच खरी मोजदाद होय.

कल्हईचा उल्लेखही निरर्थक नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यास आतून कथिलाचा लेप नसला तर ताक, आमसूल, चिंच असे आंबट पदार्थ त्यात कळकतात, रंग हिरवट होतो आणि खाणाऱ्यास त्रास होतो. कल्हई केव्हा केली हे लिहिलेले असले की नव्या समितीस पुढील श्रावणापूर्वी कल्हईवाल्यास बोलवावयाचे की नाही, हे ठरविता येते. भांड्याच्या तळाशी बोटभर लालसर डाग दिसू लागला की कल्हई गेली असे समजावे. कल्हई करणारे कारागीर दुर्मीळ होत गेल्याने अनेक संघांनी तांब्याची पातेली मोडीत घालून स्टील व ॲल्युमिनियम घेतले. तेही वाईट नाही. पण मोडीचा भाव, वजन आणि आलेली रक्कम यांची पावती ताबेयादीस जोडलेली असावी. दात्याचे नाव असलेले भांडे मोडीत जाताना त्याच्या वंशजांना एक पत्र धाडले असते तर बरे, असे पुष्कळांना मागाहून वाटते.

ताटे १२ कमी ही ओळ लिहिताना मंत्र्यांस संकोच होतो, म्हणून पुष्कळदा मागील आकडा तसाच पुढे ओढला जातो. त्याचा परिणाम असा की चार वर्षांत पन्नास ताटे कमी होतात आणि ती सर्व ज्याच्या वर्षी खरी मोजणी झाली त्याच्या माथी बसतात. पाचशे ताटांच्या पंगतीत दहा-बारा इकडेतिकडे होणे यात विशेष काही नाही. ते त्याच वर्षी लिहिले की प्रश्न तेथेच संपतो.

चांदीच्या बाबतीत गोष्ट अधिक नाजूक आहे. येथे वस्तू जागेवर असून केवळ कागदामुळे माणूस गुन्हेगार ठरल्यासारखा दिसू शकतो. नमुन्यातील त्रिगड्याचेच उदाहरण घेऊ. स्नात्रपूजेत प्रभूंची प्रतिमा ज्यावर विराजमान करतात ते हे तीन गडांचे आसन. समजा, मूळ चोपड्यात त्याचे वजन ६४० तोळे लिहिले आहे. जुना तोळा १८० ग्रेनचा, म्हणजे सुमारे ११.६६४ ग्रॅमचा. त्या हिशेबाने त्रिगड्याची चांदी ७ किलो ४६५ ग्रॅम होते. देशात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने मेट्रिक वजने आली. त्यानंतरच्या यादीत ७ किलो ४६५ ग्रॅम असा आकडा आला तर तो बरोबरच आहे.

अडचण पुढे होते. सराफ बाजारात हळूहळू दहा ग्रॅमलाच तोळा म्हणण्याची रीत पडली. एखाद्या वर्षी कोणी उत्साही मंत्री यादी जुन्या पद्धतीने तोळ्यांत लिहू लागले आणि त्यांनी ७४६५ ग्रॅमला दहाने भागून ७४६॥ तोळे असा आकडा घातला. त्यांच्या दृष्टीने काही चुकले नाही. दहा वर्षांनी दुसऱ्या समितीतील एखादे वृद्ध सभासद, ज्यांना जुना तोळा पाठ आहे, ते या आकड्यास ११.६६४ ने गुणतात. उत्तर येते ८ किलो ७०७ ग्रॅम. तराजूवर त्रिगडे भरते ७ किलो ४६५ ग्रॅम. तूट १ किलो २४२ ग्रॅम! सव्वा किलो चांदी गेली कोठे, असा प्रश्न भर सभेत विचारला जातो आणि मधल्या दहा वर्षांतील प्रत्येक मंत्र्याच्या घरी ती रात्र जड जाते. वास्तविक एक गुंजही गेलेली नसते.

उलट दिशेचा घोटाळाही होतो. मूळच्या ६४० तोळ्यांस कोणी दहा ग्रॅमचा तोळा लावला तर वजन केवळ ६ किलो ४०० ग्रॅम असावयास हवे असे वाटते आणि तराजूवर एक किलोहून अधिक चांदी जास्त दिसते. जास्त भरल्याचे कोणी मनावर घेत नाही. पण पुढे खरोखरच एक किलो चांदी कमी झाली तरी यादी जुळलेलीच दिसेल, हा त्यातील धोका आहे.

असाच फसवा शब्द शेर हा. मुंबईचा शेर २८ तोळ्यांचा आणि पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे जवळजवळ तिप्पट. पितळी हंड्यापुढे 'शेर ९' एवढेच लिहिलेले असेल तर तो कोणता शेर हे त्या चोपड्यातील इतर नोंदींवरून, विशेषतः आजही कोठारात असलेले एखादे भांडे प्रत्यक्ष तोलून, ठरवावे लागते. म्हणून जाणकार मंत्री जुना आकडा खोडीत नाहीत. तो मूळ शब्दांत ठेवून त्याच्या शेजारी 'आज तराजूवर इतके किलो, इतके ग्रॅम' असे लिहितात व खाली सराफाची तोलचिठ्ठी जोडतात.

सपन्यांच्या बाबतीत लाकडासह वजन दिले आहे हेही मुद्दाम आहे. भगवान महावीरांच्या मातेला पडलेली चौदा स्वप्ने, म्हणजे गज, वृषभ, सिंह, लक्ष्मी इत्यादी, पर्युषणाच्या पाचव्या दिवशी जन्मवाचनाच्या वेळी वरून उतरविली जातात. ती पुष्कळ ठिकाणी लाकडावर चांदीचा पत्रा मढवून केलेली असतात. लाकूड पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात सुकते. त्यामुळे भाद्रपदातील वजन आणि वैशाखातील वजन यांत थोडा फरक पडतोच. एकूण वजनास चांदीचे वजन समजणे ही येथील नेहमीची गफलत होय. पत्र्याची चांदी किती हे घडविणाऱ्या कारागिराच्या बिलावरूनच कळते. ते बिल हरवू देऊ नये.

सजावटीच्या साहित्यात संघाचे खरे धन म्हणजे जुने चंदरवे आणि पुठिये. चंदरवा वर बांधावयाचा, पुठिया प्रतिमेच्या अथवा साधुमहाराजांच्या पाठीमागे. मखमलीवर वा रेशमावर जरीचे भरतकाम केलेले हे पट पाहून नवशिक्यास सर्व एकसारखेच चमकताना दिसतात. परंतु खऱ्या जरीत चांदीची तार असून तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. नकली जरीत तांब्याची तार असते आणि अलीकडच्या मालात तर धातूची झाक दिलेले प्लास्टिक असते. उलट्या बाजूने सुटलेला एखादा धागा घेऊन कसोटीवर घासला तर आतून पांढरा निघाल्यास चांदी, लाल निघाल्यास तांबे. ज्योतीवर धरल्यास प्लास्टिक आक्रसून गोळा होते, धातूची तार तशीच राहते. ही परीक्षा एकदा करून 'खऱ्या जरीचे २' असे यादीत लिहिले नाही, तर कोणी चांगल्या भावनेने 'जुने फाटके पट देऊन नवे आणले' असे सांगतो आणि जुन्या जरीतील चांदी वितळविणाऱ्यांच्या भट्टीत जाते. नवे पट अधिक झगमगतात, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे पट ठेवण्याची रीतही यादीच्या शेऱ्यात असावी. ते धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत गुंडाळावेत. खळ असली की कसर लागते, आणि मग तिचा नाश करण्याचा प्रसंग येतो, जो संघात कोणासच नको असतो. पेटीत वेखंड किंवा वाळलेला कडुलिंब घातला तर कसर मुळात येतच नाही. घडी दरवर्षी बदलावी, नाही तर जर घडीवरच तुटते. शक्य असल्यास घडी न घालता लाकडी दांड्यावर गुंडाळावे.

यानंतर रोकड. नमुन्यातील १७,५६० रुपये एकाच पेटीत आहेत, पण ती एक रक्कम नव्हे. तीन निरनिराळ्या खात्यांची ती रक्कम आहे. सपने व पारणे यांच्या बोल्यांचे उत्पन्न हे देवद्रव्य. अनेक संघांत बोली रुपयांत न बोलता अजूनही तुपाच्या मणांत बोलतात व संघाने ठरविलेल्या मणाच्या दराने तिचे रुपये होतात. म्हणून बोलीच्या यादीत मण व दर दोन्ही लिहावे लागतात. या उत्पन्नाविषयी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समाजात मोठा वाद झाला होता. विक्रम संवत १९९० मध्ये, म्हणजे १९३४ साली, अहमदाबाद येथे भरलेल्या मुनिसंमेलनाने प्रभूंच्या निमित्ताने, मंदिरात वा मंदिराबाहेर, जी बोली बोलली जाईल ती देवद्रव्य होय, आणि देवद्रव्य जिनमंदिर व जिनमूर्ती यांखेरीज अन्य क्षेत्रात वापरू नये, असा निर्णय दिला. काही संघांत सपन्यांच्या उत्पन्नाविषयी निराळी वहिवाट आहे. जेथे ती आहे तेथे संघाच्या ठरावाची तारीख ताबेपत्रात असणे इष्ट.

आता नमुन्यातील खरी अडचण पाहावी. हलवायाचे ९,८०० रुपये देणे आहेत. स्वामीवात्सल्य साधारण खात्यातील, आणि साधारणात शिल्लक ५,२५० रुपये. तूट ४,५५० रुपयांची. त्याच पेटीत देवद्रव्याचे १२,००० रुपये स्वस्थ पडले आहेत आणि हलवाई दारात उभा आहे. आठ दिवसांसाठी उचलू, साधारणाची वर्गणी आली की परत ठेवू, असे म्हणणारे वाईट हेतूने म्हणत नाहीत. परंतु वर्गणी रेंगाळते, समिती बदलते, आणि नव्या समितीस पेटीत एकूण आकडा जुळलेला दिसतो पण कोणत्या खात्याचे किती हे लिहिलेले नसते. मंदिराच्या शिखरासाठी दिलेला पैसा बुंदीच्या लाडवांत गेला हे वर्षभराने उघडकीस येते. म्हणून मावळत्या मंत्र्यांनी देणे लपविलेले नाही व देवद्रव्यास हात लावलेला नाही. नवी समिती तुटीने सुरू होत आहे, हे पत्र वाचताच कळते, आणि साधारण खात्यासाठी निराळे आवाहन करण्यास तिला दिवाळीपूर्वीचे काही दिवस मिळतात.

बोलीचे ३४,००० रुपये येणे आहेत, ते शिलकेत मिळविलेले नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. यंदा देवद्रव्याच्या बोल्या १,८६,००० रुपयांच्या झाल्या, १,५२,००० रुपये आले, त्यांपैकी १,४०,००० संस्थेच्या बँकखात्यात भरले गेले आणि १२,००० हाती राहिले असे समजू. सभेत मात्र 'यंदा एक लाख शहाऐंशी हजार झाले' हाच आकडा गाजतो. नव्या समितीने तोच धरून मंदिराच्या कामाचा करार केला तर ती चौतीस हजारांनी फसते. ज्यांनी बोली घेतली त्यांची नावे सभेत वाचून दाखवावीत की नाही यावर मतभेद आहेत. पत्रासोबतच्या यादीत ती असलीच पाहिजेत, यावर ते असण्याचे कारण नाही.

नोटांची फोड कशासाठी, असे कोणी विचारतात. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या तत्कालीन नोटा रद्द झाल्या तेव्हा याचे उत्तर मिळाले. समितीच्या पेटीत त्या दिवशी कोणत्या नोटा होत्या हे ज्यांच्या ताबेपत्रात व रोजमेळात लिहिलेले होते, त्यांना बँकेत त्या भरताना खुलासा करणे सोपे गेले. पेटीत नोटांऐवजी 'अमुक यांस दिले' अशा चिठ्ठ्या असतील तर त्या रोकड म्हणून घ्यावयाच्या नाहीत. त्या येण्याच्या यादीत जातात.

पत्राच्या शेवटी मिच्छामि दुक्कडम् आहे. काही ठिकाणी या शब्दांनंतर मोजणी करणे म्हणजे अविश्वास दाखविणे असे मानून नवी समिती तशीच सही करते. क्षमापना ही माणसामाणसांतील आहे. ताटे, तोळे आणि रुपये यांची मोजणी तिच्यामुळे टळत नाही, आणि मोजून घेतल्याने क्षमापनेत काही उणे येत नाही.

नव्या मंत्र्यांनी देण्याची पावती हा पत्राचा दुसरा अर्धा भाग होय. तिच्यात 'यादीप्रमाणे सर्व भरून पावलो' असे मोघम लिहू नये. जे मोजले ते मोजले, जे मोजावयाचे राहिले ते राहिले असे लिहावे. नमुन्यातील पत्रास पावती अशी पडेल : 'भांडी मोजून व तोलून मिळाली, ताटे १२ कमी मान्य. त्रिगडे सराफासमक्ष तोलले, बरोबर. सपन्यांची पेटी मोहोरबंद मिळाली, आतील वजन कार्तिकात विश्वस्तांसमक्ष करण्याचे ठरले. रोकड १७,५६० खातेवार मिळाली. हलवायाचे देणे व बोलीचे येणे यांची नोंद घेतली. किल्ल्या ५ मिळाल्या, सहावी, पुठियांच्या पेटीची, मावळत्या मंत्र्यांकडे सापडत नाही, कुलूप बदलावयाचे.' या पत्राच्या तीन प्रती होतात. एक मावळत्या मंत्र्यांनी घरी ठेवावयाची, एक नव्या समितीची आणि तिसरी विश्वस्तांच्या दप्तरात जाऊन तिच्यावरून ३१ मार्चच्या आत जंगम मालमत्तेच्या रजिस्टरात बारा ताटे वजा करावयाची.